पाणी बंदची नोटीस: १२ तास लिहायचे की १४?

प्रश्न: आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत, टेरेसवर २४,००० लिटरची एकच टाकी. टाकीचा मेन आउटलेट व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढचा पाइपचा तुकडा बदलायचाय. प्लंबर म्हणतो संध्याकाळी ६ ते सकाळी ६ धरा, १२ तासात होतं. मागच्या वेळी पण आम्ही नोटिशीत १२ तासच लिहिले होते आणि वरच्या मजल्यांना सकाळी सव्वाआठपर्यंत पाणी नव्हतं, खूप भांडणं झाली. मी सेक्रेटरी आहे. नोटिशीत किती तास लिहू आणि नक्की काय काय लिहू?

उत्तर:

१४ तास लिहा. संध्याकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.

तुमचा प्लंबर खोटं बोलत नाहीये, त्याचे १२ तास बरोबरच आहेत, फक्त ते कामाचे तास आहेत. व्हॉल्व्ह बंद केला, जुना काढला, नवा बसवला, जॉइंट सुकला, टाकी भरायला घेता येईल इथपर्यंत त्याचं गणित जातं आणि तिथे संपतं. राहणाऱ्या माणसाचे तास वेगळे असतात. त्याच्या नळाचं पाणी गेलं तिथून सुरू आणि बादली भरेल इतक्या धारेने पाणी परत आलं तिथे शेवट. या दोन्हीमध्ये तुमच्या बिल्डिंगला साधारण पावणेदोन ते दोन तासांचा फरक आहे आणि तो नेमका सकाळी ६ ते ८ मध्ये पडतो, म्हणजे ज्या दोन तासांत शाळा, ऑफिस, आंघोळी, डबे सगळं एकदम असतं. रात्रीचे १२ तास कोणी मोजत नाही हो, रात्री ११ ते ५ नळ कोण उघडतो. भांडण होतं ते सकाळच्या दोन तासांवरून, आणि ते दोन तास नोटिशीत नव्हते म्हणूनच झालं.

आता हा फरक येतो कुठून ते नीट बघा, कारण एकदा हे कळलं की नोटीस आपोआप बरोबर लिहिली जाते.

समजा सकाळी ६ ला जॉइंट सुकला. टाकी त्या वेळी रिकामी आहे. पंप चालू केला आणि लगेच आउटलेट पण उघडला, कारण नोटिशीत ६ लिहिलंय आणि लोक फोन करतायत. तुमचा पंप मिनिटाला समजा २४० लिटर वर टाकतो. खाली ४८ घरांत लोक वाटच बघत असतात, प्रत्येक घरात किमान दोन नळ उघडे आहेत, एका नळातून मिनिटाला ६ लिटर धरले तरी ५७६ लिटर मिनिटाला खेचले जातायत. येतंय २४०, जातंय ५७६ पर्यंत, टाकीत पाणी साठतच नाही. जे येतं ते पाइपमधून सरळ खाली धावतं आणि खालचे मजले ते ओढून घेतात. टाकीतून घरांकडे उतरणारी डाउनटेक लाइन भरलेली राहात नाही त्यामुळे वरच्या दोन तीन मजल्यांना नुसता फुस्स आवाज आणि हवा. खालच्या मजल्यावरचा माणूस ग्रुपवर टाकतो "पाणी आलं, थँक्यू कमिटी" आणि त्याच मिनिटाला वरचा टाकतो "आमच्याकडे थेंब नाही". तुमच्याकडे मागच्या वेळी सव्वाआठ वाजले ते मला वाटतं ह्याच्यामुळेच, काम लांबल्यामुळे नाही. खालच्यांच्या बादल्या, टब, ड्रम भरून झाले, मागणी कमी झाली, मग कुठे टाकी चढायला लागली.

म्हणून आधी टाकी अर्धी भरायची, मगच आउटलेट उघडायचा. आणि अर्धी भरायला किती वेळ लागतो तो वेळ नोटिशीतल्या तासांत धरायचा.

हा वेळ अंदाजाने धरू नका, मोजा, सोपं आहे. वॉचमनला बरोबर घेऊन रात्री उशिरा टेरेसवर जा, जेव्हा वापर जवळपास शून्य असतो. टाकीची आतली लांबी रुंदी मोजा. तुमची २४,००० ची आहे म्हणजे समजा आतून ४ मीटर बाय ३ मीटर आणि पाणी २ मीटर उभं राहतं. ४ गुणिले ३ म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे पाण्याची पातळी १० सेंटिमीटर चढली की १,२०० लिटर आलं. टाकीत स्टीलची मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी धरा, पंप चालू करा, १० मिनिटांनी परत बघा. २० सेंटिमीटर चढलं तर १० मिनिटांत २,४०० लिटर, म्हणजे तेच मिनिटाला २४० लिटर. पंपाच्या प्लेटवर जो आकडा छापलेला असतो तो धरू नका, जुना पंप आणि इतक्या मजल्यांची उंची असली की प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. पुढचे सगळे आकडे मी २४० धरून लिहितोय, तुमचा आकडा वेगळा निघाला तर त्या प्रमाणात बदला.

तर सकाळ अशी जाते. ६ वाजता पंप चालू. ५० मिनिटांत टाकीत १ मीटर पाणी, म्हणजे १२,००० लिटर. मध्येच साधारण अर्धा मीटर झाल्यावर प्लंबरने नव्या जॉइंटवर कोरडं फडकं फिरवून बघायचं, कुठे ओल येतेय का. ६:५० ला परत एकदा बघायचं. ७ वाजता डाउनटेकचे व्हॉल्व्ह एक एक करून, हळू हळू उघडायचे, पंप चालूच ठेवायचा. हळू का, तर रिकाम्या पाइपात एकदम पाणी सोडलं की आतली हवा अडकते, पाइप हादरतात आणि आतला सगळा गंज सुटून नळाला लाल पाणी येतं. लाइनच्या वरच्या टोकाला हवा जायला उभा पाइप असतो, तो कोणीतरी कबुतरांसाठी किंवा कशासाठी तरी बंद करून ठेवलेला असतो, तो आधी मोकळा आहे का बघून ठेवा, नाहीतर वरच्या मजल्यांना टाकी भरलेली असूनही पाणी चढत नाही आणि कारण सापडत नाही. सगळ्या लाइन भरून, हवा निघून, वरच्या मजल्यावर नीट धार यायला ७:३० ते ७:४५ होतात. त्याच्यावर पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. झाले ८.

८ ऐवजी ७:४५ असा नेमका आकडा लिहायचा मोह होतो, लिहू नका. ८ लिहिलं आणि पाणी ७:३५ ला आलं तर कोणी तक्रार करत नाही.

मोजणी एकदाच सांगतो. संध्याकाळी ६ ते रात्री १२ हे ६ तास, रात्री १२ ते सकाळी ८ हे ८ तास, एकूण १४. मध्यरात्रीपाशी तोडून मोजलं की चुकत नाही. चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. जुनी नोटीस कॉपी करतात, वेळ बदलतात आणि खालचं "एकूण १२ तास" तसंच राहून जातं. मग वर ६ ते ८, खाली १२ तास, आणि लोक आपल्याला हवा तो आकडा धरून बसतात. एकूण तास लिहिण्याचा उपयोगच हा आहे की वेळ वाचण्यात गडबड झाली तर तासांवरून कळावी. "६ ते ८" एवढंच वाचलं तर घाईतल्या माणसाला ते संध्याकाळचे दोन तास वाटतात, हे खरंच होतं. तेव्हा नोटीस लावण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी तास परत मोजायला सांगा.

आता संध्याकाळची बाजू. ६ वाजता व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे टाकी ६ ला रिकामी पाहिजे. बहुतेक ठिकाणी हे विसरतात, पंप दुपारी नेहमीसारखा चालतो, ६ ला टाकी पाऊण भरलेली असते आणि मग १७, १८ हजार लिटर पाणी ड्रेनचा कॉक उघडून टेरेसवर सोडून देतात. पाणी वाया जातं ते जातंच, वर एक दीड तास मोडतो. रिकामी होईपर्यंत साडेसात, मग काम सुरू, मग जॉइंट दीड तास उशिरा लागतो, म्हणजे सुकायला दीड तास उशीर, म्हणजे सकाळी पाणी दीड तास उशिरा. सकाळचा उशीर बऱ्याचदा दुपारीच झालेला असतो.

त्यासाठी दुपारी १२ ला टाकीत १ मीटरच्या थोडं वर पाणी असेल असं बघा आणि पंप बंद करा. हिशोब असा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात, घरात चार माणसं धरली तर तुमच्या ४८ घरांना दिवसाला २६,००० च्या जवळपास लागतात. दुपारी १२ ते ४ वापर मंद असतो, तासाला हजारभर म्हणजे ४,०००. ४ ते ६ मध्ये नेहमीचे अडीच हजार आणि वर प्रत्येक घर साठवून ठेवणार, घरटी १०० लिटर म्हटलं तर ४,८००. सगळं मिळून ११,३००. १२ ला साधारण १२,५०० लिटर असतील तर ६ ला तळाशी हजार बाराशे उरतात, तेवढं सोडून द्यायला वेळ लागत नाही. हे सगळे अंदाजच आहेत, रविवार असेल तर दुपारचा वापर बराच जास्त निघतो, म्हणून ४ वाजता कोणीतरी वर जाऊन पातळी बघायची. फार खाली गेली असेल तर दहा मिनिटं पंप लावा. साडेपाचला टाकी कोरडी पडली तर लोकांना साठवायलाच मिळणार नाही आणि तुमची ६ ची वेळ पण खोटी ठरेल.

लोकांचं साठवणं हे तुमच्या कामाचंच आहे हे लक्षात घ्या. जे पाणी टेरेसवर ओतून द्यायचं ते घराघरात बादल्यांत जातं. म्हणून नोटिशीत "पाणी साठवून ठेवावे" असं मोघम न लिहिता कधी आणि किती ते लिहा. चार माणसांच्या घराला या १४ तासांसाठी पिणं स्वयंपाक १२ एक लिटर, भांडी १५, हात तोंड १५, संडासला ६० च्या आसपास, मिळून १०० लिटर पुरतं. सकाळी ८ च्या आधी आंघोळी होणार असतील तर बादलीने आंघोळ धरून माणशी आणखी २० लिटर. आकडा दिला नाही तर एक घर दोन कळश्या भरतं आणि दुसरं घर चार ड्रम, आणि सगळे मिळून साडेपाचला टाकी संपवतात.

पंपाचं एक सांगतो, हे मी स्वतः बघितलेलं आहे. एका सोसायटीत असंच रात्री काम चालू होतं, आउटलेट कापलेला, तोंड उघडं. पंपाचं पॅनेल ऑटोवर होतं. टाकीतला सेन्सर म्हणाला पाणी संपलं, पंप आपोआप सुरू झाला आणि खालच्या टाकीतलं पाणी वर येऊन त्या उघड्या तोंडातून टेरेसवर पसरलं. तिथून जिन्याने खाली आणि लिफ्टच्या डक्टमध्ये. लिफ्ट दोन दिवस बंद. म्हणून १२ ला पंप बंद करायचा म्हणजे नुसतं बटण दाबायचं नाही, पॅनेलचा सिलेक्टर ऑफला फिरवायचा, मेन स्विच खाली करायचा आणि त्याच्यावर "टाकीचे काम चालू, पंप लावू नये" असा कागद चिकटवायचा. रात्रीचा वॉचमन ८ ला बदलतो, त्याला दिवसाच्या वॉचमनने सांगितलंच असेल असं धरू नका, तुम्ही स्वतः सांगा. आणि आगीच्या पाण्याची टाकी, तिची लाइन याला त्या रात्री कोणी हात लावायचा नाही, घरात पाणी नाही म्हणून तिथला कॉक सोडून बादल्या भरणारे निघतात.

कामाच्या सामानाबद्दल थोडक्यात. रात्रीच्या कामात अडतं ते एखाद्या छोट्या तुकड्यावर, निपलचा साइज जुळत नाही, फ्लँजची भोकं जुळत नाहीत, आणि १० वाजता दुकान उघडं नसतं. म्हणून सगळं सामान आदल्या दिवशी सोसायटीत आलेलं पाहिजे आणि प्लंबरने ते टेरेसवर नेऊन जुन्या व्हॉल्व्हच्या शेजारी धरून बघितलेलं पाहिजे. त्याला हे पण विचारा की जॉइंट कसले आहेत. लोखंडी फ्लँज, मध्ये रबर गॅस्केट आणि नटबोल्ट असेल तर सुकायचा प्रश्नच नाही, घट्ट केलं की पाणी सोडता येतं, आणि मग हे काम रात्रभर कशाला, दिवसा सकाळी १० ते संध्याकाळी ५ मध्ये होतं, ते जास्त बरं. प्लास्टिकचा पाइप सोल्यूशन लावून चिकटवायचा असेल तरच रात्रभराची गरज आहे, कारण मोठ्या साइजच्या पाइपला पाण्याचा दाब द्यायच्या आधी बराच वेळ सोडावं लागतं, थंडीत अजून जास्त. किती ते सोल्यूशनच्या डब्यावर लिहिलेलं असतं, प्लंबरच्या सवयीवर जाऊ नका, डबा वाचा. तुमच्या प्लंबरने १२ तास सांगितलेत म्हणजे चार तास काम आणि आठ तास सुकणं असंच काहीतरी त्याच्या डोक्यात आहे.

यातूनच एक महत्त्वाची वेळ ठरते, रात्री १०. शेवटचा जॉइंट १० ला लागला तर ६ ला पंप, ८ ला पाणी. १० वाजता तुम्ही स्वतः टेरेसवर जा किंवा फोटो मागवा. जॉइंट लागला असेल तर ग्रुपवर टाका की काम वेळेत आहे. ११:३० ला लागणार असेल तर पाणी ९:३० ला, आणि ते रात्री १० ला सांगायचं, लोक जागे असताना. सकाळी ६:३० ला "काही तांत्रिक कारणाने उशीर होत आहे" हा मेसेज कोणाच्याच उपयोगाचा नाही. रात्री कळलं तर माणूस आंघोळीचं पाणी जपून ठेवतो, शेजाऱ्याकडे एक बादली मागतो, सकाळचा बेत बदलतो.

आता नोटीस. तारखा तुमच्या घाला, बाकी जवळपास अशीच ठेवा.

> सूचना: पाणीपुरवठा बंद
>
> टेरेसवरील टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बदलण्याचे काम असल्याने सर्व ४८ फ्लॅटचा पाणीपुरवठा
>
> शनिवार दि. … रोजी संध्याकाळी ६:०० पासून
> रविवार दि. … रोजी सकाळी ८:०० पर्यंत
> (एकूण १४ तास) पूर्ण बंद राहील.
>
> शनिवारी दुपारी ४ ते ५:३० या वेळेत घरटी साधारण १०० लिटर पाणी भरून ठेवावे. रविवारी सकाळी ८ च्या आधी आंघोळ करायची असल्यास माणशी २० लिटर जास्त ठेवावे.
>
> नळ उघडून पाणी नाही असे दिसल्यास नळ लगेच बंद करावा. घराबाहेर जाताना व झोपताना सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी.
>
> गीझर, प्रेशर पंप, वॉशिंग मशीन व पाण्याचा फिल्टर शनिवारी संध्याकाळी ६ पासून पाणी स्वच्छ येईपर्यंत बंद ठेवावेत.
>
> तातडीच्या गरजेसाठी तळमजल्यावरील पंप रूमजवळच्या नळाला पाणी मिळेल. घरात आजारी किंवा अंथरुणावरील व्यक्ती असल्यास शनिवारी दुपारपर्यंत कळवावे, पाणी पोहोचवण्याची व्यवस्था केली जाईल.
>
> कामाची स्थिती शनिवारी रात्री १० वाजता कळवली जाईल.
>
> सेक्रेटरी

काही गोष्टी यात मुद्दाम आहेत. वार आणि तारीख दोन्ही टोकांना लिहिलीये. "आज संध्याकाळी" आणि "उद्या सकाळी" कधीच लिहू नका, नोटीस व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या दिवशी फिरते आणि "उद्या" एक दिवस पुढे सरकतो. "सर्व फ्लॅट" लिहायचं, कारण दोन विंग असतील तर प्रत्येक विंगला वाटतं ते दुसऱ्यांचं आहे. कारण एकाच ओळीत आणि पहिलंच, म्हणजे हे महापालिकेचं बंद नाही, आपल्या टाकीचं आहे हे कळतं, नाहीतर लोक टँकर मागवा म्हणून तुमच्या मागे लागतील, आणि वरची टाकी उघडी असताना टँकर काय कामाचा, पाणी टाकणार कुठे. "गैरसोयीबद्दल दिलगीर" वगैरे लिहायचं तर शेवटी लिहा, पण त्यात वेळ आणि तारीख हरवू देऊ नका.

नळ बंद ठेवायची ओळ ही माझ्या मते तासांइतकीच महत्त्वाची आहे. रात्री ९ ला माणूस सवयीने बेसिनचा नळ उघडतो, पाणी नाही, तसाच सोडून जातो. सकाळी सगळे बाहेर, सिंकमध्ये भांडी, जाळीवर खरकटं, साडेसातला पाणी येतं आणि दुपारी खालच्याच्या छतातून गळायला लागतं. वीकेंडला गावाला गेलेल्या घरात तर दोन दिवस वाहात राहतं. म्हणून जी घरं बंद आहेत त्यांची यादी वॉचमनकडून घ्या आणि त्या घरांच्या लाइनचा कॉक डक्टमध्ये वेगळा असेल तर ६ ला बंद करून ठेवा, मालकांना फोन करून सांगा.

गीझरचं कारण असं की वरून पाणी गेलं की काही घरांत गीझरमधलं पाणी उलटं पाइपात उतरतं, म्हणजे जिथे परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह नाही किंवा खराब झालाय तिथे. गीझरची टाकी अर्धी रिकामी आणि सकाळी कोणी स्विच लावला की एलिमेंट कोरडा तापतो आणि जळतो. प्रेशर पंपाचं तसंच, वरच्या मजल्यांवर बसवलेले असतात, रिकाम्या लाइनवर फिरत राहिले की सील जळतं. फिल्टर आणि वॉशिंग मशीन गढूळ पाण्यासाठी. सकाळी पाणी आलं की आधी बाथरूमचा खालचा नळ सोडायचा, पाणी स्वच्छ दिसलं की मग बाकीचं.

नोटीस किती आधी लावायची तर किमान दोन दिवस, आणि त्याच्या आधी महापालिकेचं स्वतःचं पाणी बंद त्याच दिवशी तर नाही ना हे बघा. तुमची खालची टाकी रात्रभर भरलेली असली पाहिजे, तीच सकाळी वर जाणार आहे. खाली १५,००० लिटरसुद्धा नसतील तर हे सगळं वेळापत्रक कोसळतं, मग तारीख पुढे ढकला. लिफ्टमध्ये, खालच्या बोर्डवर आणि ग्रुपवर एकच कागद, एकच फोटो. ग्रुपवर वेगळं टाइप करायचं नाही, तिथेच आकडे बदलतात. शनिवारी दुपारी ४ ला तोच फोटो परत टाका.

काम झाल्यावर प्लंबरचे सगळे पैसे लगेच देऊन टाकू नका. पुढच्या दोन रात्री वॉचमनला पंप बंद असताना १ वाजता आणि ४ वाजता टाकीतली पातळी खडूने खूण करून बघायला सांगा. या तीन तासांत वापर जवळपास नसतो, तुमच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. एखादा सेंटिमीटर उतरली तर कोणाच्या तरी फ्लशचं गळतंय, चार पाच उतरली तर जॉइंटकडे बघा, खालून हात फिरवला की ओल लागते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दहा मिनिटं थांबून वरच्या मजल्याचा नळ पण उघडून बघा, धार थांबली पाहिजे, थेंब थेंब चालू राहिली तर नवा व्हॉल्व्ह आतून नीट बसत नाहीये आणि तो आत्ताच बदलून मागायचा.